समोरच्याला अजून बोलायचंय की निघायचंय, तुम्ही कसं ओळखता?

मंदार_डोंबिवली
गेल्या रविवारची गोष्ट. सकाळी दूध घेऊन येत होतो तर गेटपाशी आमच्याच मजल्यावरचे काका भेटले, तेही दूध घेऊनच चालले होते. त्यांच्या मुलीचं लग्न ठरलंय म्हणून मी विचारलं हॉल मिळाला का, आणि मग हॉल, केटरर, पत्रिका, सोन्याचे भाव असं करत वीस-पंचवीस मिनिटं छान गप्पा झाल्या. म्हणजे मला तरी छान वाटल्या. वर आलो तर बायको गॅलरीत उभी. म्हणाली, अरे काका तीनदा निघाले होते आणि तीनही वेळा तू त्यांना थांबवलंस.

तिने वरून जे पाहिलं ते असं. पहिल्यांदा त्यांनी पिशवी उजव्या हातातून डाव्या हातात घेतली आणि जिन्याकडे वळले. दुसऱ्यांदा 'बघू आता, होईल सगळं' असं बोलून वर बिल्डिंगकडे बघितलं. तिसऱ्यांदा सरळ 'चला' म्हणाले आणि मी त्याच वेळी विचारलं, केटरर कोण केलाय.

आता माझा प्रश्न. मी जे विचारलं त्याचं त्यांनी प्रत्येक वेळी व्यवस्थित, हसून उत्तर दिलं. माणूस बोलतोय म्हणजे त्याला बोलायचंय असंच मी आजवर धरत आलोय. हे चुकतंय का? आणि चुकत असेल तर नेमकं काय बघायचं? मला खरंच शिकायचंय, कारण काका भला माणूस आहे आणि यापुढे ते मला बघून लिफ्टऐवजी जिन्याने जायला लागले तर मला वाईट वाटेल.

गार्गी_के
वीस मिनिटांत काकांनी तुम्हाला एक तरी उलटा प्रश्न विचारला का?

विनू
दुधाचं काय झालं ते सांगा आधी 🙂

मंदार_डोंबिवली
@विनू, दूध ठीक आहे, पिशवी थंड होती.
@गार्गी, आत्ता बसून आठवलं. एकही नाही. मीच विचारत होतो, ते सांगत होते. तुमचा प्रश्न वाचेपर्यंत हे डोक्यातच आलं नव्हतं.

प्रसाद_सोलापूर
सोपं आहे की. पायाकडं बघायचं. तोंड काहीही बोलू दे, पाऊल जिकडं वळलंय तिकडं माणसाला जायचं असतंय. हाताची घडी घातली की समजायचं नको झालंय. आणि नजर मिळवत नसेल तर विषयच संपला. आमच्या कंपनीत यावर दोन दिवसांचं ट्रेनिंग झालतं, तेव्हापासून मी हेच वापरतो, नव्वद टक्के बरोबर येतंय.

सुनीता_माहेरची
आमच्याकडे वरच्या मजल्यावरच्या बाई येतात त्या दीड दीड तास उठत नाहीत, मी घड्याळ बघते, कुकर लावते, तरी हलत नाहीत. अशा पाहुण्यांना कसं उठवायचं ते पण सांगा कोणीतरी.

विनू
@सुनीताताई, धागा उलटा आहे, इथे मंदार स्वतःच ते पाहुणे आहेत.

रेवती_लिहितेय
मी भाषाविज्ञानात एमए करताना रेकॉर्ड केलेल्या संभाषणांचं लिप्यंतर करायचे. म्हणजे शब्द तर लिहायचेच, शिवाय कुठे किती सेकंद शांतता, कोण कोणाच्या बोलण्यावर चढलं, कुठे नुसतं 'हं' आलं, सगळं. दोन वर्षं कानात इअरफोन घालून तेच केलं त्यामुळे या विषयावर मी जरा लांबण लावणार आहे, सांभाळून घ्या.

मंदार, तुम्ही विचारलंत की उत्तर देतोय म्हणजे बोलायचंय का. तर नाही. प्रश्न आला की उत्तर देणं हे जवळजवळ बंधन असतं. आपल्याकडे तर शेजाऱ्याने मुलीच्या लग्नाचं विचारलं आणि उत्तर न देता निघून गेलं असं होऊच शकत नाही. त्यामुळे प्रश्नाच्या उत्तरावरून माणसाची इच्छा कळत नाही. ती कळते प्रश्न नसताना. तुम्ही गप्प बसलात की ते काय करतात ते बघायचं. नवीन काही आणतात का, तुम्हाला काही विचारतात का, की 'हो ना', 'असंच असतं', 'बघू' असं झालेल्या गोष्टीवरच झाकण ठेवतात. काकांचं 'बघू आता, होईल सगळं' हे झाकण होतं. त्या वाक्याला पुढे धागा नाही, त्यातून कुठलाही विषय निघत नाही. निघण्याआधी माणसं अशीच वाक्यं बोलतात.

शेग्लॉफ आणि सॅक्स म्हणून दोन अभ्यासक होते, त्यांनी 1973 साली फोनवरच्या संभाषणांवर लिहिलं होतं की कोणी एकदम 'ठेवतो' म्हणत नाही. आधी एक जण 'बरं' म्हणतो. त्या 'बरं'चा अर्थ एवढाच की माझ्याकडे नवीन काही नाही, तुझ्याकडे काही राहिलं असेल तर आत्ता काढ. समोरचाही 'बरं' म्हणाला तर दोघांनी मिळून दार लावलं. त्याने विषय काढला तर दार परत उघडलं. म्हणजे काकांनी तीन वेळा 'बरं' दिलं आणि तुम्ही तीनही वेळा राहिलेला विषय काढलात. यात उद्धटपणा काहीच नाही, त्यांनी जागा दिली होती आणि तुम्ही ती घेतलीत. फक्त एकदा घ्यायची असते, तीनदा नाही.

@प्रसाद, पायाचं तुमचं अर्धं पटतं, नजरेचं मात्र नाही. केंडन नावाच्या माणसाने 1967 मध्ये समोरासमोरच्या गप्पांचं चित्रीकरण तपासलं होतं. बोलणारा माणूस लांबलचक काही सांगायला सुरुवात करतो तेव्हा नजर बाजूला नेतो आणि संपवत आला की परत ऐकणाऱ्याकडे आणतो. तेव्हा बोलताना इकडेतिकडे बघणं म्हणजे कंटाळा नव्हे, तो विचार करतोय. बघायचं ते वाक्य संपताना. संपल्यावर नजर तुमच्यावर आली तर 'आता तू बोल'. संपल्यावर ती बिल्डिंगवर, घड्याळावर, रिक्षावर गेली आणि तिकडेच राहिली तर त्यांनी चेंडू तुमच्याकडे टाकलेलाच नाही.

मंदार_डोंबिवली
रेवतीताई, हे वाचून अंगावर काटा आला, बायकोला मोठ्याने वाचून दाखवलं. ती म्हणतेय अजून एक सांग त्यांना. आम्ही गेटपाशी सुरुवात केली आणि संपवलं तेव्हा जिन्याच्या पहिल्या पायरीपाशी होतो. मधे पंधरा-वीस पावलं असतील. मला आम्ही चालल्याचं आठवतच नाहीये!

रेवती_लिहितेय
हो, कारण चालत कोणीच नव्हतं. ते अर्धं पाऊल मागे गेले, तुम्ही अर्धं पाऊल पुढे गेलात. दोन माणसं उभ्याने बोलतात तेव्हा मधे एक रिकामी जागा राखतात. एक मागे सरकला की दुसरा नकळत पुढे सरकून ती जागा तेवढीच ठेवतो. वीस मिनिटं असं झालं की माणूस गेटवरून जिन्यापाशी पोचतो. उपाय साधा आहे, तो मागे सरकला की आपण जागेवर उभं राहायचं. मागे सरकलेल्या माणसाला बोलायचं असेल तर तो परत जवळ येतो.

आनंद_एमआर
वीस वर्षं औषधांची बॅग घेऊन डॉक्टरांच्या केबिनमध्ये जातोय. आमचं पोट याच विद्येवर आहे, एका डॉक्टरची दोन मिनिटं जास्त खाल्ली तर पुढच्या महिन्यात बाहेरच बसवून ठेवतात.

डॉक्टर कधीच 'जा' म्हणत नाहीत. माझ्या भागातले एक डॉक्टर आहेत, ऐकायचं असेल तर पेन टेबलावर आडवं ठेवून खुर्चीत मागे टेकतात. पुरे झालं की टोपण काढतात. लिहीत काहीच नाहीत, नुसतं टोपण काढून पेन हातात धरतात. मी सुरुवातीला ते टोपण म्हणजे माझं औषध लिहून घेतायत असं समजून अजून जोरात बोलायचो. पाच-सहा महिन्यांनी त्यांच्या कंपाउंडरने सांगितलं, भाऊ, टोपण निघालं की उठत जा.

दुसरे एक डॉक्टर कायम टोपण काढूनच बसतात, त्यांच्या बाबतीत याचा अर्थ शून्य. ते 'हं, हं' म्हणत असतात आणि तो 'हं' लवकर लवकर यायला लागला, माझं वाक्य संपायच्या आत यायला लागला की मी व्हिज्युअल एड मिटतो. म्हणून सांगतो, प्रसादभाऊंची घडी-बिडी सगळ्यांना लावू नका. आमचे एक डॉक्टर एसी सोळावर ठेवतात, तिथे मी पण हाताची घडी घालूनच बसतो. त्या माणसाचं रोजचं काय आहे ते आधी माहिती पाहिजे, आणि आज त्यात फरक कुठे पडला ते बघायचं.

प्रसाद_सोलापूर
एसीचं मान्य. पण अनोळखी माणसाचं रोजचं कुठनं माहिती असणार? एसटीत शेजारी बसलेल्याचं? तिथं काय करायचं?

आनंद_एमआर
तिथे पहिली दोन-तीन मिनिटं हेच त्याचं रोजचं. सुरुवातीला कसा बसलाय, किती लांब उत्तर देतोय. आधी चार वाक्यं बोलणारा एका शब्दावर आला की झालं. पहिल्यापासूनच एका शब्दावर असेल तर पेपर वाचा.

निखिल_आर
रोज वाचतो, लिहितो कमी. आज लिहावंसं वाटलं.

मला ऑटिझम आहे, वयाच्या एकतिसाव्या वर्षी निदान झालं. मी जमिनीकडे बघत असतो तेव्हाच मला नीट ऐकू येतं. समोरच्याच्या डोळ्यात बघायला लागलो की सगळं लक्ष 'बघतोय ना, किती वेळ बघायचं, आता हटवू का' यातच जातं आणि शब्द निसटतात. शाळेत, ऑफिसात, नातेवाइकांत सगळ्यांनी मला 'याला रस नाही' ठरवलं. खूप माणसं माझ्याशी बोलायची थांबली जी मला हवी होती. प्रसादजी, तुमचं 'नजर मिळवत नसेल तर विषयच संपला' हे वाक्य मी आयुष्यभर दुसऱ्या बाजूने भोगलंय. तुम्ही मुद्दाम नाही लिहिलंत हे कळतं.

आणि उलट बाजू पण आहे. हे टोपण, अर्धं पाऊल, बिल्डिंगकडे बघणं मला दिसत नाही. म्हणजे दिसतं पण त्याच क्षणी अर्थ लागत नाही, घरी येऊन रात्री लागतो. मला सरळ सांगितलं की 'निखिल, मला पाच मिनिटांत निघायचंय' तर फार बरं वाटतं. माझी जवळची तीन-चार माणसं तसं सांगतात.

प्रसाद_सोलापूर
निखिल, माफ करा भाऊ. ट्रेनिंगमध्ये हे कोणीच सांगितलं नव्हतं. माझ्या टीममधला एक पोरगा असाच खाली बघत असतो, त्याला मी दोन मीटिंगमध्ये बोललोय त्यावरून. उद्या त्याच्याशी बोलतो.

सुलभा_जोशी_कोल्हापूर नव्हे सांगली
सरळ सांगा म्हणताय ते बरोबर, पण आपल्यात सरळ सांगायच्या पद्धती आहेतच की, फक्त त्या वेगळ्या शब्दांत आहेत. पूर्वी बायका एकमेकींकडे जायच्या तेव्हा निघणारी म्हणायची 'येते हं', आणि घरची म्हणायची 'थांब, कुंकू लावते'. कुंकू लावून झालं की मग कोणी बसत नव्हतं. यजमानीणच कधी कधी न विचारता करंडा घेऊन यायची, की समजावं. कोणाचा अपमान नाही, उलट मान. सुनीता, तुझ्या वरच्या बाईंना एकदा करंडा आणून बघ.

मला कोडं पडतं ते 'बाकी काय' या दोन शब्दांचं. माझी बहीण फोनवर 'बाकी काय?' म्हणते तेव्हा कधी तिला खरंच अजून ऐकायचं असतं आणि कधी फोन ठेवायचा असतो.

रेवती_लिहितेय
सुलभाताई, 'बाकी काय' हे आपलं अस्सल मराठी 'बरं' आहे. मी चढत्या-उतरत्या सुरावरून ओळखते. 'काय' वर जात असेल आणि मागून शांतता असेल तर ती वाट बघतेय. 'बाकी काऽय' असा खाली येऊन लगेच स्वतःच 'चाललंय' म्हणाली तर ठेवतेय. पण हे माझ्या कानाचं, यावर कोणी मोजमाप केलेलं मी वाचलेलं नाही.

केतन_आरहूस
मी डेन्मार्कमध्ये सात वर्षं आहे. इथे पहिलं वर्ष मला वाटायचं कोणालाच माझ्याशी बोलायचं नाही. मी काही विचारलं की थांबायचे, मी ती शांतता सहन न होऊन पुढचा प्रश्न टाकायचो. एक दिवस सहकारी म्हणाली, तू विचारतोस आणि उत्तर द्यायच्या आत परत विचारतोस. नंतर कळलं की 2009 मध्ये दहा भाषांचा अभ्यास झाला होता, हो-नाहीच्या प्रश्नाला उत्तर यायला सरासरी सेकंदाचा पाचवा भाग लागतो, जपानीत जवळजवळ लगेच येतं आणि दहांत सगळ्यात हळू डॅनिश, साधारण अर्धा सेकंद. अर्धा सेकंद! वाचायला काहीच नाही, पण डोंबिवलीच्या माणसाला ती दरी वाटते. मी पण डोंबिवलीचाच, मंदार.

रेवती_लिहितेय
हा अभ्यास बरोबर सांगितलात. मराठी त्यात नव्हती. आणि एक लक्षात ठेवा, अर्धा सेकंद ही सरासरी आहे, कोणी अर्धा सेकंद मोजून थांबत नाही. पण शांततेचा अर्थ माणसाच्या सवयीवर आणि भाषेवर ठरतो हे तुमच्या उदाहरणातून फार नीट दिसतं.

गार्गी_के
मी जरा उलटं बोलते. तुम्ही सगळे धरून चाललाय की चूक म्हणजे जास्त वेळ थांबणं. 2021 मध्ये अमेरिकेत लोकांना बोलायला बसवून नंतर विचारलं होतं की तुम्हाला कधी संपवायचं होतं. दोघांनाही हवं तेव्हा संपलेली संभाषणं दोन टक्क्यांच्या आसपास निघाली. आणि सगळी लांबलेली नव्हती, कितीतरी जणांना अजून बोलायचं होतं. दोघंही दुसऱ्याला निघायचं असेल म्हणून आपली इच्छा झाकून ठेवतात.

माझे बाबा गेल्या वर्षी एकटे झाले. शेजारची मंडळी फार समजूतदार, बाबांनी घड्याळाकडे बघितलं की उठतात. बाबा दर दहा मिनिटांनी घड्याळ बघतात कारण त्यांच्या गोळ्यांच्या वेळा आहेत. लोक गेल्यावर मला फोन करतात, म्हणतात आज कोणी बसलंच नाही गं.

डॉ_अपर्णा_ग्रामीण
गार्गी, हे ओपीडीत रोज बघते. पेशंट सगळं सांगून होतो, गोळ्या घेतो, उठतो, दारापाशी जातो, कडीला हात लावतो आणि मग म्हणतो, 'मॅडम, छातीत पण जरा भरल्यासारखं होतं.' पाय बाहेर, अंग बाहेर, सगळ्या खुणा निघायच्या, आणि येण्याचं खरं कारण तेच. म्हणून आता तो उठायच्या आधीच मी विचारते, 'अजून काही आहे का?' आणि विचारून गप्प बसते. कीबोर्डवरून हात काढून. हात कीबोर्डवर ठेवून विचारलं तर 'नाही मॅडम' हेच येतं.

महेश_वॉचमन_होतो
मी सहा वर्षं सोसायटीत गेटवर होतो. गेटवरच्या माणसाला निघायचं म्हणून निघता येत नाही, त्याच्या पायाकडं बघून काही कळणार नाही. लोक तासभर बोलून जायचे, मी हो हो करायचो. काही जणांचं बोलणं आवडायचं पण. एक आजी यायच्या त्या आधी विचारायच्या, 'महेश, कामात आहेस का रे?' आणि मी 'आहे जरा' म्हटलं की हसून पुढं जायच्या. आहे जरा म्हणता येत होतं फक्त त्यांनाच.

सुनीता_माहेरची
सुलभाताई, काल करंडा आणला. त्या म्हणाल्या, 'अगं बाई, जातेस का कुठे?' आणि परत बसल्या 😄 पण नंतर मी गार्गीचं वाचलं. त्यांचे मिस्टर बोटीवर असतात, सहा सहा महिने. आज मीच त्यांना सांगितलं, साडेपाचपर्यंत मला वेळ आहे, मग पोळ्या. साडेपाचला आपल्या आपण उठल्या. वेळ सांगून टाकला तर त्यांनाही मोकळं वाटलं असावं.

निखिल_आर
सुनीताताई, हेच म्हणत होतो.

मंदार_डोंबिवली
इतक्या लोकांनी लिहिलंत, मनापासून धन्यवाद. आज संध्याकाळी काका लिफ्टमध्ये भेटले म्हणून सांगतो. (जिन्याने गेले नाहीत!)

मी 'काय काका, कसं चाललंय' एवढंच विचारलं आणि ठरवून गप्प बसलो. ते 'चाललंय' म्हणाले. आमचा चौथा मजला आला. बाहेर आलो, त्यांनी किल्ली काढली आणि दाराकडे वळले. मी 'चला काका' म्हटलं आणि जागेवरच उभा राहिलो, पुढे सरकलो नाही. त्यांनी किल्ली कुलपात घातली, फिरवली नाही. तसेच पाठमोरे उभे राहून म्हणाले, 'तो केटरर तू म्हणालास तो, त्याचा नंबर आहे का रे?'

मी दिला. मग किल्ली तशीच कुलपात आणि आम्ही पॅसेजमध्ये दहा मिनिटं. या वेळी ते विचारत होते. माझ्या आईच्या गुडघ्याचं विचारलं, ऑफिसचं विचारलं. बायको आतून ऐकत होती, तिला विचारलं कोणी कोणाला थांबवलं. म्हणाली, नक्की नाही सांगता येणार. नंबर हवा होता म्हणून बोलले की बोलायचं होतं म्हणून नंबर मागितला?

प्रसाद_सोलापूर
पाय कुठं होते?

मंदार_डोंबिवली
एक उंबऱ्यात, एक माझ्याकडे.